झोपला कुठे होता?

सकाळी साडेआठचा लेक्चर हॉल. मेडिसिन विभागाची साप्ताहिक केस कॉन्फरन्स. दुसऱ्या वर्षाचा रेसिडेंट माइक हातात घेतो आणि पडद्यावर पहिली स्लाइड उमटते: ‘मण्यारच्या दंशाचा एक रुग्ण’. पुढच्या रांगेतले प्राध्यापक खुर्चीत मागे रेलतात, मागच्या रांगेतली मुलं मोबाइल काढतात. उत्तर आधीच फळ्यावर लिहून ठेवल्यावर गणित सोडवायला कोण बसणार? पुढची पंचवीस मिनिटं तो मुलगा फाइलमधली पानं क्रमाने वाचतो, शेवटी टाळ्या पडतात आणि हॉलमधल्या एकाही माणसाच्या डोक्याला काही करावं लागलेलं नसतं.

मी बरीच वर्षं मेडिसिन शिकवलं आणि अशा अनेक कॉन्फरन्स बसून ऐकल्या. नव्या रेसिडेंटना केस कशी मांडायची हे समजावताना मी एकच रुग्ण घेतो. तो कोणी एक माणूस नाही. पावसाळ्यात आमच्याकडे आलेल्या अनेकांच्या कहाण्यांतून मी तो शिकवण्यासाठी बांधलेला आहे, त्यामुळे त्याच्या वेळा आणि आकडेही मीच ठरवलेले आहेत. पण त्याच्या बाबतीत घडतं ते सगळं महाराष्ट्रातल्या कुठल्याही जिल्हा रुग्णालयात घडू शकतं.

हा 22 वर्षांचा शेतमजूर. ऑगस्ट महिना. पहाटे 4 वाजता पोटात कळ येऊन जागा झाला, दोनदा उलटी झाली. 6 वाजता गावातल्या दवाखान्यात ॲसिडिटीचं इंजेक्शन घेऊन घरी आला. 8 वाजता पापण्या जड झाल्या, एकाच्या दोन वस्तू दिसू लागल्या. 9 वाजता चहाचा घोट नाकातून परत आला आणि आवाज गेंगाणा झाला. 10.30 ला आमच्या कॅज्युअल्टीत पोचला.

रेसिडेंटने फाइलमध्ये मुख्य तक्रार लिहिली: ‘सकाळपासून पोटदुखी, उलटी, अशक्तपणा.’ यात खोटं काही नाही, पण हे ऐकून डोळ्यांसमोर कुणाचंच चित्र उभं राहत नाही. पोटदुखी, उलटी आणि अशक्तपणा असलेली दहा माणसं त्याच सकाळी ओपीडीच्या रांगेत असतात. केस मांडणाऱ्याचं पहिलं खरं काम म्हणजे या ढिगातून एक वाक्य घडवणं, ज्यात हा रुग्ण इतरांहून वेगळा दिसेल. वयाबरोबर त्यात वेळेचा वेग हवा, आजाराची दिशा हवी, आणि काय शाबूत आहे हेही हवं. आमचं वाक्य शेवटी असं झालं: ‘आधी पूर्ण निरोगी असलेला 22 वर्षांचा तरुण; पहाटे झोपेतून उठवणारी पोटदुखी; त्यानंतर साडेसहा तासांत डोळ्यांपासून गळ्याकडे आणि मानेकडे उतरत गेलेला, दोन्ही बाजूंना सारखा लुळेपणा; शुद्ध आणि स्पर्श शाबूत.’

या वाक्यात निदान कुठेच नाही, तरी ऐकणाऱ्याचं डोकं कामाला लागतं. ‘उतरत गेलेला’ म्हटल्याबरोबर पायांपासून वर चढणारे आजार मागे सरकतात. ‘साडेसहा तासांत’ म्हटल्याबरोबर दिवसांनी आणि आठवड्यांनी वाढणारे आजार गळतात. ‘दोन्ही बाजूंना सारखा’ आणि ‘शुद्ध शाबूत’ हे ऐकून मेंदूतला एकाच जागचा झटका कमी संभाव्य होतो. हे वाक्य लिहायला रेसिडेंटला एक संध्याकाळ लागली. मला विचाराल तर त्याच्या पूर्ण तयारीतली ती सर्वांत सत्कारणी लागलेली संध्याकाळ.

आता इतिहास, म्हणजे रुग्णाची हकिगत. इथे एक गोष्ट अशी आहे जी मला स्वतःला फार उशिरा कळली. केसमध्ये दोन घड्याळं चालतात. एक रुग्णाचं: त्याला काय कधी झालं. दुसरं आपलं: आपल्याला काय कधी कळलं. फाइलमध्ये ही दोन्ही एकमेकांत मिसळलेली असतात, आणि केस मांडताना बहुतेक जण दुसरं घड्याळ गुपचूप पुसून टाकतात. सगळं जणू पहिल्या मिनिटापासून माहीत होतं अशा थाटात हकिगत सांगतात.

आमच्या रुग्णाच्या बाबतीत हे पुसणं फार सोपं होतं. तो रात्री ओसरीवर, जमिनीवर गोधडी टाकून झोपला होता. शेजारी धान्याची पोती, उंदीर भरपूर, मच्छरदाणी नाही. हा तपशील पहिल्या वाक्यात घातला की केस संपलीच. महाराष्ट्रातला कुठलाही जाणता डॉक्टर तिथेच ‘मण्यार’ म्हणेल. रेसिडेंटने पहिल्या मसुद्यात नेमकं तेच केलं होतं: ‘रात्री जमिनीवर झोपलेला 22 वर्षांचा तरुण...’ मी त्याला विचारलं, “हे तुला कधी कळलं?” त्याने फाइल चाळली. रुग्ण आला 10.30 ला. जमिनीवर झोपल्याची नोंद 12.40 ची. आणि ती डॉक्टरांनी विचारून मिळवलेली नव्हतीच. वॉर्डातल्या ज्येष्ठ सिस्टर रुग्णाच्या आईला सही करायला घेऊन गेल्या, तेव्हा त्यांनी सहज विचारलं, “झोपला कुठे होता तो?”

मग आम्ही ठरवलं की स्लाइडवर आडवी रेघ काढायची. रेघेच्या वर रुग्णाचे तास: 4, 6, 8, 9. खाली आपले तास: 10.30 ला काय कळलं, 11.30 ला काय केलं, 12.40 ला काय कळलं. हॉलमध्ये बसलेल्यांना आधी 10.30 पर्यंतचंच द्यायचं आणि थांबायचं. जमिनीवर झोपण्याची बाब कुणी विचारली तर लगेच उत्तर द्यायचं. नाही विचारली तर ती 12.40 वरच यायची. यात लपवाछपवी नाही. त्या दुपारी आमची जी अवस्था होती तिथेच श्रोत्यांना उभं करायचं आहे. आपण काय विचारायला विसरलो असतो हे त्यांना स्वतःच्या डोक्यात जाणवायला हवं.

ही रीत नवी नाही. 1900 मध्ये वॉल्टर कॅनन या हार्वर्डच्या वैद्यकीय विद्यार्थ्याने, कायदा शिकणारा आपला खोलीसोबती खटल्यांवरून कसा शिकतो हे पाहून, वैद्यकही छापील रुग्णकथांवरून शिकवावं असा लेख लिहिला. पुढे बॉस्टनच्या मॅसेच्युसेट्स जनरल हॉस्पिटलात रिचर्ड कॅबट यांनी तिला आणखी धार दिली: चर्चा करणाऱ्या डॉक्टराला रुग्णाची माहिती द्यायची, निदान द्यायचं नाही, आणि सगळ्यांसमोर त्याचा तर्क ऐकून झाल्यावर पॅथॉलॉजिस्टने शवविच्छेदनात काय सापडलं ते सांगायचं. मोठमोठे डॉक्टर तिथे सर्वांदेखत चुकले, आणि त्या चुकांचा तर्क छापूनही आला. आपल्या महाविद्यालयांतली केस कॉन्फरन्स याच घराण्यातली आहे. निदान पहिल्या स्लाइडवर छापणं म्हणजे तिचा कणाच काढून घेणं.

हकिगतीत ‘नाही’ कुठले सांगायचे, हा पुढचा प्रश्न. रेसिडेंट घाबरलेला असला की नकारांची माळ लावतो: ताप नाही, खोकला नाही, लघवीला जळजळ नाही, सांधेदुखी नाही, वजन घटलं नाही. ऐकणारा तिसऱ्या नकाराला गळतो. मी सांगतो, प्रत्येक ‘नाही’ एखाद्या आजाराच्या वाटेवर उभा असला पाहिजे. नसला तर तो स्लाइडवरून काढ. या रुग्णात कामाचे नकार मोजकेच होते. गेल्या महिन्याभरात घसा दुखला नव्हता, म्हणजे घटसर्पानंतर येणारा लुळेपणा मागे पडतो. याआधी संध्याकाळी पापण्या मिटणं, चावताना जबडा दमणं असं कधी झालं नव्हतं, म्हणजे मायस्थेनिया मागे पडतो. आदल्या दिवशी फवारणी केली नव्हती आणि अंगाला, कपड्यांना औषधाचा वास नव्हता. रात्रीचं जेवण घरातल्या पाच जणांनी एकाच भांड्यातलं खाल्लं आणि बाकी चौघे ठणठणीत होते. हा चौथा ‘नाही’ कशासाठी, ते पुढे येईल.

तपासणीतही हाच न्याय. नाडी 104, रक्तदाब 150/90, ताप नाही, श्वास मिनिटाला 26 आणि उथळ, ऑक्सिजन 95 टक्के. हृदय, फुफ्फुस, पोट यांत विशेष नाही, हे एका वाक्यात संपवायचं. मग जिथे आजार आहे तिथे थांबायचं. दोन्ही पापण्या बाहुलीच्या अर्ध्यापर्यंत खाली. डोळे कुठल्याच दिशेला पूर्ण वळत नाहीत. बाहुल्या किंचित मोठ्या, प्रकाशाला मंद. हातापायांत थोडीच कमजोरी. प्रतिक्षिप्त क्रिया मंद, स्पर्श नीट. आणि मान: आडवं झोपून उशीवरून डोकं उचलता येईना. मानेची ही तपासणी पाच सेकंदांची, पण ती फाइलमध्ये बहुधा नसते. डोळे आणि गळा यांनंतर मान, आणि मानेनंतर श्वासाचे स्नायू, असा हा लुळेपणा उतरतो. ज्याची मान उशीवरून उठत नाही त्याचा श्वास फार दूर नाही.

श्वास मोजायला यंत्र लागत नाही. पूर्ण श्वास घ्यायला सांगायचं आणि एका दमात आकडे मोठ्याने म्हणायला लावायचे. निरोगी तरुण माणूस सहज 30 च्या पुढे जातो. आमचा रुग्ण 10.30 ला 14 पर्यंत पोचला. 12.30 ला 9 पर्यंत. मधल्या दोन तासांत कुणी मोजलंच नव्हतं. रेसिडेंटने तक्त्यात तिथे रिकामी जागा सोडली होती. मी म्हटलं, रिकामी ठेवू नकोस, ‘मोजलं नाही’ असं लिही. नाहीतर मागच्या रांगेला वाटेल की तेव्हा सारं ठीक होतं. त्या दोन तासांत ऑक्सिजनचा आकडा 95 वरून हललाही नव्हता आणि सगळे त्यावर निश्चिंत होते. श्वासाचे स्नायू थकतात तेव्हा रक्तात आधी कार्बन डायऑक्साइड साठतो. बोटावरचा चिमटा ते दाखवत नाही. 12.50 ला धमनीतल्या रक्ताची तपासणी झाली तेव्हा कार्बन डायऑक्साइड 52 होता. एरवी तो 35 ते 45 मध्ये असतो.

पापण्या खाली आलेला चेहरा स्लाइडवर दाखवावा असं कुणालाही वाटेल. रुग्णाची ओळख लपवायला आपण डोळ्यांवर काळी पट्टी ओढतो. इथे पट्टी ओढली तर आजारच झाकला जातो. म्हणून फक्त कपाळ ते गालाच्या वरच्या भागापर्यंतचाच फोटो घ्यायचा, रुग्णाची किंवा नातेवाइकांची लेखी संमती घ्यायची आणि ती संमती उपचाराच्या संमतीहून वेगळी आहे हे त्यांना समजेल अशा भाषेत सांगायचं. सीटी स्कॅनच्या कोपऱ्यात छापलेलं नाव, नोंदणी क्रमांक आणि तारीख खोडायला लोक हमखास विसरतात. गावाचं नावही काढायचं. लहान तालुक्यात ‘22 वर्षांचा अमुक गावचा मजूर’ एवढ्यावर माणूस ओळखू येतो.

आता संभाव्य निदानांची यादी, कॉन्फरन्सचा गाभा. पाठ्यपुस्तकातून उतरवलेली बारा नावांची यादी मी पडद्यावर येऊ देत नाही. बारा नावं म्हणजे मत नसणं. पाचच घ्यायची, आणि प्रत्येकाला तीन प्रश्न विचारायचे: याच्या बाजूने काय, विरुद्ध काय, आणि कोणती एक गोष्ट कळली तर माझं मत फिरेल?

हॉलमधून पहिलं नाव बहुधा गियाँ-बारे सिंड्रोमचं येतं, कारण ते सगळ्यांना पाठ असतं. पण तो लुळेपणा साधारण पायांपासून चढतो आणि वाढायला दिवस घेतो. डोळ्यांपासून सुरू होणारा त्याचा एक प्रकार आहे, पण तोही काही तासांत मान पाडत नाही. दुसरं नाव पोटॅशियम कमी होऊन येणाऱ्या लुळेपणाचं. आमच्या रुग्णाचं पोटॅशियम 3.1 आलं होतं, नेहमीच्या 3.5 हून कमी, आणि युनिटमधले दोघे जण या आकड्याला घट्ट धरून बसले होते. हा आकडा पडद्यावर आल्यावर हॉलमध्येही तेच होतं, म्हणून मी तो मुद्दाम चर्चेत येऊ देतो. पोटॅशियमचा लुळेपणा हातापायांवर, विशेषतः मांड्यांवर पडतो; डोळे आणि गिळणं तो सहसा सोडून देतो. शिवाय एवढा लुळेपणा यायला पोटॅशियम साधारण याहून बरंच खाली जावं लागतं. उलट मण्यारच्या विषातही पोटॅशियम थोडं उतरलेलं सापडतं. म्हणजे आकडा खरा, पण तो आजाराचा परिणाम. इथे ‘पोटॅशियम दिलं तर काय होईल?’ असं एखाद्या विद्यार्थ्याला विचारावं. आकडा सुधारेल, मान उठणार नाही, हे तो स्वतःच बोलतो.

तिसरं नाव सेंद्रिय फॉस्फरसयुक्त कीटकनाशकाचं. शेतमजूर आणि फवारणीचा हंगाम, म्हणून हे नाव घेतलंच पाहिजे. पण त्यात बाहुल्या टाचणीएवढ्या होतात, तोंडाला लाळ सुटते, घाम येतो, छाती कफाने भरते. इथे बाहुल्या मोठ्या आणि तोंड कोरडंच. या विषबाधेनंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मान आणि श्वास पडतो हेही खरं, पण त्याआधी विषबाधेची खूण घरच्यांच्या आठवणीत राहिलेली असते.

चौथं नाव मला सर्वांत मोलाचं वाटतं, कारण ते मण्यारच्या इतकं जवळ आहे की तपासणीत वेगळं करणं अवघड: बोट्युलिझम, म्हणजे बिघडलेल्या साठवणीच्या अन्नातल्या विषाने आलेला लुळेपणा. तोही पोटाच्या तक्रारीने सुरू होतो, तोही डोळ्यांपासून खाली उतरतो, त्यातही शुद्ध शाबूत राहते आणि बाहुल्या मोठ्या होतात. मग फरक कशाने करायचा? हकिगतीने. डबाबंद किंवा घरी हवाबंद साठवलेलं काही खाल्लं होतं का, आणि त्याच ताटातलं खाल्लेले बाकीचे कसे आहेत. मघाचा चौथा ‘नाही’ इथे कामाला येतो. आणि पाचवं नाव अर्थातच साप.

इथवर आल्यावर रेसिडेंट थांबतो आणि विचारतो, “आता तुम्ही रुग्णाला कोणता प्रश्न विचाराल?” तपासणी कोणती कराल, असं त्याने विचारायचं नाही, ते विचारलं की एमआरआयपासून मज्जारज्जूतल्या पाण्यापर्यंत सगळं येतं. प्रश्न विचारा म्हटल्यावर हॉल शांत होतो. कधी कधी मागच्या रांगेतला एखादा इंटर्न, ज्याने ग्रामीण रुग्णालयात काम केलंय, तो हात वर करतो: “सर, झोपला कुठे होता?”

मग 12.40 ची स्लाइड. जमीन, गोधडी, पोती, उंदीर. सापाचा दंश कुठेही सापडला नाही. अंगावर कपडा न ठेवता दोनदा शोधलं, केसांत, बोटांच्या बेचक्यांत, कानामागे. हे बोलून दाखवावं लागतं, कारण हॉलमध्ये कुणीतरी विचारणारच, ‘दात दिसले नाहीत तर साप कसा?’ मण्यारचे दात लहान असतात, दंश पुष्कळदा दुखत नाही, सूज जवळपास येत नाही. तो रात्री फिरतो, उंदीर आणि इतर साप खात घरात शिरतो आणि झोपलेल्या माणसाला अंथरुणात चावतो. माणूस जागा होतो तो पोटदुखीने. कोकणात महाडसारख्या ठिकाणी डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी ग्रामीण रुग्णालयातून अशा रुग्णांच्या ज्या नोंदी केल्या, त्या प्रत्येक रेसिडेंटने वाचाव्यात असं मला वाटतं. त्यांत हेच चित्र पुन्हा पुन्हा दिसतं.

रक्त गोठण्याची तपासणी फार साधी आहे, पण ती कशी केली हे केसमध्ये सांगावं. शिरेतलं 2 मिली ताजं रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत घ्यायचं, 20 मिनिटं न हलवता ठेवायचं, मग नळी एकदा तिरकी करायची. रक्त पातळच राहिलं तर घोणस किंवा फुरसे यांचा संशय. आमच्या रुग्णाचं रक्त नीट गोठलं, म्हणजे ते दोघे मागे पडले. नळी काचेची होती का, हा प्रश्न प्लास्टिकच्या नळ्यांच्या जमान्यात विचारावाच लागतो. प्लास्टिकची किंवा साबणाने धुतलेली नळी असली तर गोठणारं रक्तही गोठल्यासारखं दिसत नाही आणि निदान भलतीकडे जातं.

सापाचं विष कुठलं हे रक्तात तपासण्याची सोय आपल्या वॉर्डात नसते. म्हणून शेवटच्या निदानाच्या स्लाइडवर ‘मण्यारचा दंश’ असं लिहायचं नाही. ‘मण्यारच्या दंशाची दाट शक्यता’ असं लिहायचं, आणि कशावरून, ते खाली. कॉन्फरन्समध्ये निदान जेवढं पक्कं असतं तेवढंच पक्कं सांगणं हे मला केसमधल्या सर्वांत अवघड कामांपैकी एक वाटतं. रुग्ण बरा झाला की सगळ्यांना निदान पक्कं वाटू लागतं. बरं होण्याने मात्र ते पक्कं होत नाही. बोट्युलिझमचा रुग्णही व्हेंटिलेटरवर बरा होतो.

उपचार थोडक्यात सांगायचे, पण त्यामागची कारणं तोडायची नाहीत. 1 वाजता सर्पविषरोधकाच्या 10 कुप्या तासाभरात द्यायला सुरुवात झाली आणि 1.15 ला श्वासनलिकेत नळी टाकून व्हेंटिलेटर लावला. आपल्याकडची ही लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या विषावर चालते, त्यामुळे साप कोणता हे नक्की नसलं तरी ती देता येते. निओस्टिग्मिनचं इंजेक्शन अ‍ॅट्रोपिनसोबत देऊन पाहिलं. पापण्या तसूभरही उचलल्या नाहीत. याचं कारण सांगितलं की विद्यार्थ्यांना विषाचं शास्त्र कळतं. नस स्नायूला निरोप देते तो एका रसायनातून. नागाचं विष मुख्यतः स्नायूच्या बाजूचं दार अडवतं. रसायन वाढवलं तर काही दारं पुन्हा मिळतात, म्हणून तिथे निओस्टिग्मिन काम करतं. मण्यारचं विष नसेचं ते टोकच मोडतं, जिथून रसायन निघायचं असतं. निघणारंच नाही तर वाढवणार काय? आणि एकदा मोडलेलं टोक लस परत जोडत नाही. ती फक्त रक्तात अजून मोकळं फिरणारं विष बांधते. म्हणून लस लवकर देण्याला अर्थ आहे, पण लस देऊनही लुळेपणा लगेच उतरत नाही म्हणून घाबरून कुप्यांवर कुप्या चढवत राहण्याला नाही. त्या दिवसांत माणसाला जगवतं ते व्हेंटिलेटर.

दुसऱ्या दिवशी जे झालं ते रेसिडेंटला सांगायचं नव्हतं. रुग्ण पूर्ण निश्चल, बाहुल्या मोठ्या आणि प्रकाशाला न हलणाऱ्या, वेदनेला प्रतिसाद नाही. राउंडवर कुणीतरी ‘मेंदू गेला’ असा शब्द काढला. नातेवाइकांना हळूच कल्पना द्यायची तयारी सुरू झाली. एका वरिष्ठ डॉक्टरांनी थांबवलं: स्नायू लुळे असताना मेंदूमृत्यूची तपासणी लावताच येत नाही, कारण ती तपासणी स्नायूंच्याच हालचालीवर उभी आहे. ईईजीत मेंदूची लहर स्पष्ट होती. तिसऱ्या दिवशी पायाचा अंगठा हलला, सहाव्या दिवशी व्हेंटिलेटर निघाला. नंतर त्याने सांगितलं की त्याला सारं ऐकू येत होतं, आईचं रडणंही. मी रेसिडेंटला म्हटलं, हे तू सांगितलं नाहीस तर ही केस मांडण्याचं निम्मं कारण गेलं. कोण बोललं ते सांगू नकोस. काय बोललं गेलं, किती वाजता, आणि ते कशामुळे थांबलं, एवढं सांग.

शेवटची स्लाइड, शिकण्याचे मुद्दे. इथे दहापैकी आठ केस कोसळतात, कारण तिथे ‘सर्पदंश ही ग्रामीण भागातली महत्त्वाची समस्या आहे’ असं लिहिलेलं असतं. ते या रुग्णावाचूनही लिहिता आलं असतं. मुद्दा असा हवा की उद्या सकाळी कॅज्युअल्टीत उभा असलेला इंटर्न वेगळं काहीतरी करेल. आम्ही तीनच ठेवले. पावसाळ्यात पहाटे पोटदुखीने उठून आलेल्या प्रत्येकाला झोपला कुठे होता हे विचारायचं, पापण्या आणि मान तपासायची, आणि काहीच नसलं तरी घरी न पाठवता काही तास दर तासाला पुन्हा तपासायचं. डोळे किंवा गळा लुळा असलेल्याच्या श्वासाचा अंदाज ऑक्सिजनच्या आकड्यावरून घ्यायचा नाही. एका श्वासात किती मोजतो ते दर अर्ध्या तासाने लिहायचं. आणि लुळेपणाचं कारण संपेपर्यंत मेंदू गेला हा शब्द रुग्णाच्या खाटेजवळ उच्चारायचा नाही, त्याच्याशी नाव घेऊन बोलत राहायचं.

चौथा मुद्दा रेसिडेंटने स्वतः घातला: 10.30 ते 12.40. त्याने लिहिलं, सीटी स्कॅनला जाण्यात 45 मिनिटं गेली आणि त्या वेळी रुग्णासोबत नळी टाकू शकणारं कुणी नव्हतं. मुलाची मान उशीवरून उठत नव्हती तेव्हा त्याला लिफ्टमध्ये आडवं नेलं. हे वाचून हॉलमधले विभागप्रमुख उठले आणि कॅज्युअल्टीतून स्कॅनला नेताना सोबत कोण जाईल याची ओळ त्याच दिवशी नोंदवहीत लिहिली गेली.

नवव्या दिवशी रुग्ण घरी गेला. चर्चेच्या शेवटी एका विद्यार्थिनीने विचारलं, तो आता झोपतो कुठे? हा प्रश्न आमच्या कुणाच्याच स्लाइडवर नव्हता. घरात खाट एकच आणि तिच्यावर आजी. सिस्टरनी वॉर्डातून सुटी देताना त्याच्या आईला मच्छरदाणी कशी लावायची ते दाखवलं होतं: नुसती टांगायची नाही, तिच्या चारही कडा गोधडीखाली खोचायच्या, आणि पोती ओसरीवरून आत, झोपण्यापासून लांब हलवायची. पुढच्या वेळी केस मांडताना आम्ही ते स्लाइडवर घेतलं.